कॉन्व्हेक्सिटी: रोख्याच्या किमतीची दुसरी दुरुस्ती

व्याजदर चढले की जुन्या रोख्यांच्या किमती उतरतात आणि व्याजदर उतरले की त्या चढतात. कारण साधे आहे. रोख्यावर दर सहामाहीला मिळणारे व्याज आणि मुदतीअखेर परत मिळणारी मुद्दल या रकमा रोखा विकला जातो त्याच दिवशी ठरून जातात. नंतर बाजारात जास्त व्याजाचे नवे रोखे आले, तर जुना रोखा त्याच किमतीला कोणी घेत नाही. नव्या घेणाऱ्याला बाजाराइतकाच परतावा मिळेल इतकी त्याची किंमत खाली यावी लागते. ती नेमकी किती खाली येईल, हा बँकांच्या ट्रेझरीत, विमा कंपन्यांत आणि रोखे फंडांत रोज विचारला जाणारा प्रश्न आहे. त्याचे पहिले उत्तर ड्युरेशन नावाच्या आकड्यातून मिळते. दर थोडेसे हलले तर ते उत्तर चोख असते, पण दर मोठी उडी घेतात तेव्हा ते दोन्ही बाजूंना चुकते आणि प्रत्येक वेळी एकाच प्रकारे चुकते. या चुकीवरची दुरुस्ती म्हणजे कॉन्व्हेक्सिटी, गणिताच्या पुस्तकातला शब्द वापरायचा तर बहिर्वक्रता.

दरांनी मोठी उडी घेतल्याचे एक उदाहरण भारतीय बाजारातच आहे. मे २०१३ मध्ये भारत सरकारने दहा वर्षांचा नवा रोखा विकला. त्यावरचा व्याजदर, म्हणजे कूपन, ७.१६ टक्के होता आणि मुदत २०२३ मध्ये संपणार होती. त्याच महिन्यात अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचे तेव्हाचे अध्यक्ष बेन बर्नांकी यांनी रोखेखरेदी हळूहळू कमी करण्याचा विचार बोलून दाखवला. परदेशी पैसा भारतासारख्या देशांतून बाहेर पडू लागला आणि रुपया घसरू लागला. १५ जुलै रोजी रिझर्व्ह बँकेने रुपया सावरण्यासाठी बँकांना मिळणाऱ्या तातडीच्या कर्जाचा दर, म्हणजे मार्जिनल स्टँडिंग फॅसिलिटीचा दर, एका फटक्यात १०.२५ टक्क्यांवर नेला. ऑगस्टमध्ये दहा वर्षांच्या रोख्याचा परतावा दर ९ टक्क्यांच्या वर गेला होता. तीन महिन्यांत जवळपास दोन टक्क्यांची ही चढ होती. बाजारात ती २०० बेसिस पॉइंट अशी मोजतात. एक बेसिस पॉइंट म्हणजे एका टक्क्याचा शंभरावा भाग.

आता हिशेब. एखाद्या बँकेकडे या रोख्याचे एक कोटी रुपये दर्शनी किमतीचे युनिट आहेत आणि परतावा दर ७.१६ टक्के असताना ते बरोबर एक कोटीलाच घेतले आहेत असे धरू. दर सहामाहीला ३.५८ टक्के व्याज आणि दहा वर्षांनी मुद्दल, असे वीस हप्ते समोर आहेत. दर चढेपर्यंतचे मधले तीन महिने सोडून देऊ, म्हणजे फक्त दराचा परिणाम दिसेल. या रोख्याचे मॉडिफाइड ड्युरेशन ७.०६ वर्षे येते. ड्युरेशन वर्षांत मोजले जात असले तरी इथे त्याचा अर्थ वेगळा आहे. परतावा दर एक टक्क्याने चढला तर किंमत सुमारे ७.०६ टक्क्यांनी उतरेल, असे हा आकडा सांगतो. एका बेसिस पॉइंटला ही उतरण एक कोटीमागे ७,०५५ रुपये होते. ट्रेझरीत या रकमेला पीव्ही०१ म्हणतात, आणि डीलरच्या तोंडी ड्युरेशनपेक्षा हाच शब्द जास्त असतो, कारण तो थेट रुपयांत बोलतो.

दर १० बेसिस पॉइंटने चढला तर पीव्ही०१ प्रमाणे ७०,५५० रुपयांचा तोटा दिसतो. वीसही हप्ते नव्या दराने वटवून किंमत नव्याने काढली, तर खरा तोटा ७०,२३३ रुपये येतो. एक कोटीवर तीनशे रुपयांची चूक कोणी मनावर घेत नाही. दर २०० बेसिस पॉइंटने चढला तर ७,०५५ गुणिले २००, म्हणजे १४,११,००० रुपयांचा तोटा दिसायला हवा. प्रत्यक्षात नवी किंमत ८७,०८,२०० रुपये येते, म्हणजे तोटा १२,९१,८०० रुपयांचा. चूक आता एक लाख १९ हजारांची झाली. दर वीस पटींनी जास्त हलला, चूक मात्र पावणेचारशे पटींच्या आसपास वाढली. उलट बाजूलाही तेच घडते. दर २०० बेसिस पॉइंटने उतरून ५.१६ टक्क्यांवर आला तर ड्युरेशन १४,११,००० रुपयांचा फायदा सांगते, आणि खरा फायदा १५,४७,२०० रुपयांचा असतो. म्हणजे ड्युरेशन तोटा फुगवून सांगते आणि फायदा कमी करून सांगते. चूक दोन्ही वेळी रोखा बाळगणाऱ्याच्या बाजूची असते.

असे का होते, ते पीव्ही०१ कडेच नीट पाहिले की कळते. ७.१६ टक्क्यांवर तो ७,०५५ रुपये होता. दर ९.१६ टक्क्यांवर पोचल्यावर तो पुन्हा मोजला तर ५,९०१ रुपये येतो. वाटेत प्रत्येक पुढचा बेसिस पॉइंट आधीच्यापेक्षा थोडा कमी तोटा देत गेला. आपण मात्र पहिल्या बेसिस पॉइंटचा तोटा घेऊन त्याला सरळ २०० ने गुणले. यामागे दोन कारणे एकत्र काम करतात. दर चढल्यावर किंमतच कमी झालेली असते, त्यामुळे तितक्याच टक्क्यांची घसरण रुपयांत लहान होते. शिवाय दर चढला की लांबच्या हप्त्यांची आजची किंमत जवळच्या हप्त्यांपेक्षा जास्त वेगाने आटते. दहाव्या वर्षी मिळणारी मुद्दल जास्त काळ वटवली जाते, म्हणून तिला जास्त मार बसतो. एकूण किमतीतला लांबच्या रकमांचा वाटा घटतो, जवळच्यांचा वाढतो, आणि रोखा जणू थोडा अल्प मुदतीचा होऊन बसतो. या रोख्याचे ड्युरेशन ५.१६ टक्के दराला ७.३३ असते, ७.१६ ला ७.०६ आणि ९.१६ ला ६.७८. ड्युरेशन हा स्थिर आकडा नाही आणि त्याला स्थिर धरणे हेच चुकीचे मूळ आहे.

आलेखावर परतावा दर आडव्या अक्षावर आणि किंमत उभ्या अक्षावर मांडली तर उताराची एक रेषा मिळते. ती सरळ नसते, मूळबिंदूच्या दिशेने फुगलेली असते. डावीकडे, म्हणजे कमी दरांच्या बाजूला, ती कड्यासारखी उभी असते आणि उजवीकडे हळूहळू आडवी होत जाते. ड्युरेशन म्हणजे आजच्या दराच्या बिंदूला या वक्राला टेकवलेली स्पर्शिका. स्पर्शिका त्या बिंदूला वक्राला चिकटून असते, आणि दोन्ही बाजूंना दूर जावे तसा वक्र तिच्या वर उचलला जातो. स्पर्शिका आणि वक्र यांच्यातली ती फट कॉन्व्हेक्सिटी मोजते.

शाळेतल्या भौतिकशास्त्रात हाच हिशेब वेगळ्या वेषात भेटलेला असतो. ब्रेक लावलेली गाडी ठरावीक वेळात किती अंतर जाईल हे काढताना नुसत्या सुरुवातीच्या वेगाला वेळेने गुणले तर उत्तर जास्त येते, कारण वेग वाटेत कमी होत जातो. म्हणून s = ut + ½at² या सूत्रातला दुसरा भाग लागतो. रोख्याच्या बाबतीत पीव्ही०१ हा वेग आहे, दराची हालचाल ही वेळ आहे आणि कॉन्व्हेक्सिटी हे त्वरण आहे. सूत्रातला अर्धा आणि वर्ग दोन्ही तिथून जसेच्या तसे येतात:

किमतीतील बदल (%) = − ड्युरेशन × दरबदल + ½ × कॉन्व्हेक्सिटी × (दरबदल)²

इथे दरबदल दशांशात घ्यायचा, म्हणजे २०० बेसिस पॉइंटसाठी ०.०२, आणि शेवटी आलेले उत्तर १०० ने गुणून टक्क्यांत आणायचे. आपल्या रोख्याची कॉन्व्हेक्सिटी ६३.६ येते. पहिला भाग −१४.११ टक्के. दुसरा भाग अर्धा गुणिले ६३.६ गुणिले ०.०००४, म्हणजे +१.२७ टक्के. दोन्ही मिळून −१२.८४ टक्के. खरा बदल −१२.९२ टक्के होता. रुपयांत बोलायचे तर एक लाख १९ हजारांची चूक आठ हजारांवर आली. दर उतरला असता तर पहिला भाग +१४.११ झाला असता आणि दुसरा +१.२७ च राहिला असता, कारण वर्ग घेतल्यावर चिन्ह उरत नाही. बेरीज १५.३८ टक्के येते, खरा फायदा १५.४७ टक्के आहे. दुरुस्ती दोन्ही वेळा अधिकच का असते, याचे उत्तर त्या वर्गात आहे. दर वीसपट जास्त हलल्यावर चूक इतकी का वाढली, त्याचेही. वीसचा वर्ग चारशे, आणि वक्र पुढे थोडा मंदावतो म्हणून प्रत्यक्षात चारशेपेक्षा थोडी कमी.

उरलेले आठ हजारही अपघाताने उरलेले नाहीत. सूत्र असे धरून चालते की पीव्ही०१ प्रत्येक बेसिस पॉइंटला ठरावीक ६.३६ रुपयांनी कमी होतो. तसे असते तर २०० बेसिस पॉइंटनंतर तो ५,७८३ वर आला असता. प्रत्यक्षात तो ५,९०१ वर थांबला, कारण कमी होण्याची ती गतीही वाटेत मंदावते. म्हणून दुरुस्तीनंतरचा अंदाज दर चढताना तोटा किंचित कमी दाखवतो आणि दर उतरताना फायदाही किंचित कमीच दाखवतो.

या कल्पनेचा इतिहास थोडक्यात असा. ड्युरेशन हा शब्द आणि त्याचे मोजमाप फ्रेडरिक मॅकॉले या अर्थतज्ज्ञाने १९३८ मध्ये मांडले. कॉन्व्हेक्सिटीचे काम पहिल्यांदा ठळकपणे दिसले ते आयुर्विम्यात. फ्रँक रेडिंग्टन या ब्रिटिश विमागणितज्ञाने १९५२ मध्ये दाखवले की विमा कंपनीच्या गुंतवणुकीचे आणि देण्यांचे सरासरी मुदतमान जुळवणे पुरेसे नाही. गुंतवणुकीच्या रकमा देण्यांपेक्षा काळात जास्त पसरलेल्या असाव्यात, म्हणजे दर कुठेही थोडे सरकले तरी कंपनीची बाजू तुटीत जात नाही. त्याने मागितलेला तो पसारा म्हणजेच जास्त कॉन्व्हेक्सिटी. आयुर्विमा क्षेत्राला या गणिताची गरज आजही सर्वांत जास्त असते, कारण तिथली देणी तीस-चाळीस वर्षे लांबलेली असतात.

कॉन्व्हेक्सिटी काढायला कलनशास्त्र यायलाच हवे असे नाही. रोख्याची किंमत तीन वेळा काढता आली की झाले: आजच्या दराला, थोड्या वरच्या दराला आणि तितक्याच खालच्या दराला. स्प्रेडशीटमध्ये त्यासाठी PV हे फंक्शन पुरते. सहामाही दर म्हणजे वार्षिक दराचा अर्धा, म्हणून वार्षिक ७.१६, ८.१६ आणि ६.१६ टक्क्यांसाठी:

```
=-PV(0.0358,20,3.58,100)
=-PV(0.0408,20,3.58,100)
=-PV(0.0308,20,3.58,100)
```

उत्तरे अनुक्रमे १००, ९३.२५२७ आणि १०७.३८४० येतात. वरच्या आणि खालच्या किमतींची बेरीज करायची, त्यातून आजच्या किमतीची दुप्पट वजा करायची. उरतात ०.६३६७. रेषा सरळ असती तर इथे शून्य उरले असते, म्हणजे ही उरलेली रक्कम निव्वळ वाकामुळे आहे. तिला आजच्या किमतीने आणि दरबदलाच्या वर्गाने, म्हणजे १०० गुणिले ०.०००१ ने भागले की ६३.६७ मिळतात. कलनाने आलेल्या ६३.६ शी हे जुळते. ड्युरेशनही याच तीन आकड्यांतून निघते. खालच्या दराच्या किमतीतून वरच्या दराची किंमत वजा करून, आजच्या किमतीच्या दुपटीने आणि ०.०१ ने भागायचे. उत्तर ७.०७ येते. आकडे मात्र चार दशांश स्थळांपर्यंत घ्यावेत. ९३.२५ आणि १०७.३८ असे दोनच दशांश घेतले तर कॉन्व्हेक्सिटी ६३ दिसते, आणि दराचे पाऊल एक टक्क्याऐवजी एक बेसिस पॉइंट ठेवले तर दोन दशांशांत वाक सापडतच नाही.

प्रत्यक्ष कामात चुका होतात त्या बहुधा गणितात नसून एककांत असतात. सहामाही हप्ते मोजून काढलेली कॉन्व्हेक्सिटी या रोख्यासाठी २५४ च्या पुढे येते, कारण तिथे काळ अर्ध्या वर्षांत मोजलेला असतो. ती वार्षिक करायला चारने भागावे लागते, दोनने नाही, कारण काळ इथे वर्गात आहे. ड्युरेशन दोनने भागून वार्षिक करण्याची सवय असलेला माणूस इथे हमखास फसतो. काही सॉफ्टवेअर कॉन्व्हेक्सिटी १०० ने भागून दाखवतात, म्हणजे ६३.६ ऐवजी ०.६४ दिसते, आणि काही पुस्तके सूत्रातला अर्धा कॉन्व्हेक्सिटीच्या व्याख्येतच घालतात, म्हणजे तिथे ३१.८ दिसते. त्यावर पुन्हा अर्धा लावला तर दुरुस्ती निम्मीच राहते. दुसऱ्याने दिलेला आकडा वापरण्याआधी एखाद्या ओळखीच्या रोख्यावर तो ताडून पाहावा. सात टक्क्यांच्या आसपास परतावा असलेल्या दहा वर्षांच्या साध्या रोख्याची कॉन्व्हेक्सिटी साठ-सत्तरच्या दरम्यान असते, हे लक्षात ठेवले तरी यातल्या बहुतेक चुका पकडता येतात. म्युच्युअल फंडांच्या फॅक्टशीटमध्ये मॉडिफाइड ड्युरेशन छापलेले असते, कॉन्व्हेक्सिटी सहसा नसते. त्यामुळे फंडाच्या गुंतवणूकदाराला मोठ्या हालचालीचा अंदाज हवा असेल तर ती अशी स्वतःच ढोबळमानाने काढावी लागते.

मुदत वाढते तशी कॉन्व्हेक्सिटी ड्युरेशनपेक्षा फार वेगाने वाढते. दर्शनी किमतीला घेतलेला सात टक्क्यांचा, वर्षातून एकदा व्याज देणारा तीस वर्षांचा रोखा पाहा. त्याचे ड्युरेशन १२.४ आहे, म्हणजे दहा वर्षांच्या रोख्याच्या दुपटीहूनही कमी. कॉन्व्हेक्सिटी मात्र २४९, जवळपास चौपट. तोच रोखा दोनशे बेसिस पॉइंट चढीला ड्युरेशनप्रमाणे २४.८ टक्के पडायला हवा, खरोखर पडतो २०.५ टक्के, आणि दुरुस्त अंदाज १९.८ टक्के सांगतो.

एकाच ड्युरेशनच्या दोन गोष्टींची कॉन्व्हेक्सिटी सारखी असेलच असेही नाही. हप्ते काढून टाकलेला, फक्त शेवटी एकरकमी पैसे देणारा सव्वातेरा वर्षांचा रोखा घेतला तर त्याचे ड्युरेशनही १२.४ च असते, पण कॉन्व्हेक्सिटी १६६ भरते. त्याचे सगळे पैसे एकाच दिवशी येतात, तर तीस वर्षांच्या रोख्याचे पैसे पहिल्या वर्षापासून तिसाव्या वर्षापर्यंत पसरलेले असतात. दर २०० बेसिस पॉइंट चढला तर एकरकमी रोखा २१.८ टक्के पडतो, पसरलेला २०.५ टक्के. दर तितकाच उतरला तर एकरकमी रोखा २८.५ टक्के चढतो, पसरलेला ३०.७ टक्के. रेडिंग्टनला हवा होता तो पसारा हाच. दोन्ही बाजूंनी फायदा देणारी ही गोष्ट बाजार फुकट देत नाही. जास्त कॉन्व्हेक्सिटीच्या रोख्याला मागणी असते, त्यामुळे त्याची किंमत थोडी चढी आणि परतावा थोडा कमी राहतो. दर हललेच नाहीत तर तो कमी परतावाच पदरात पडतो.

इथवर कॉन्व्हेक्सिटी धन धरली आहे. साध्या सरकारी रोख्यांत ती नेहमी धनच असते. पण कर्ज घेणाऱ्याला मुदतीआधी पैसे परत करण्याची मुभा असेल तर चित्र उलटते. अमेरिकेतली तीस वर्षांची घरकर्जे एकत्र बांधून विकलेले रोखे हे याचे सर्वांत मोठे उदाहरण. दर उतरले की घरमालक जुने कर्ज फेडून स्वस्त नवे कर्ज घेतात, गुंतवणूकदाराला पैसे नको त्या वेळी परत मिळतात, आणि रोख्याची किंमत दर्शनी किमतीच्या थोडी वर जाऊन अडते. दर चढले की कोणी लवकर फेड करत नाही, रोखा लांबतो आणि घसरण वाढते. तिथे कॉन्व्हेक्सिटी ऋण असते, दुरुस्तीचा भाग वजा होतो, आणि ड्युरेशनने सांगितलेला तोटा खऱ्यापेक्षा कमी ठरतो. अशा रोख्यांवर ठरलेल्या हप्त्यांचे सूत्र लावणे चूकच आहे. वरची तीन किमतींची रीत वापरायची, पण प्रत्येक दराला कर्जदार काय करतील याचा अंदाज घेऊन ती किंमत काढायची.

मर्यादा आणखी एक आहे. सूत्रात परतावा दर एकच आहे. पोर्टफोलिओत दोन वर्षांचे आणि तीस वर्षांचे रोखे एकत्र असतील तर दोन्हींचे दर एकाच वेळी सारखेच सरकतील असे ते गृहीत धरते. जुलै २०१३ मध्ये भारतात तसे झाले नव्हते. रिझर्व्ह बँकेने अल्पकालीन पैसा महाग केला, त्यामुळे अल्प मुदतीचे दर लांब मुदतीच्या दरांपेक्षा जास्त चढले. अशा वेळी एकत्रित ड्युरेशन आणि कॉन्व्हेक्सिटी कितीही नेमकी काढली तरी चूक राहते, आणि तीही दुरुस्तीपेक्षा मोठी असू शकते. त्यावर उपाय म्हणजे मुदतीप्रमाणे गट पाडून प्रत्येक गटाला वेगळा दरबदल लावणे.

पण दुरुस्तीची खरी परीक्षा एकाच रोख्यावर होते, आणि त्यासाठी ऑस्ट्रियाच्या रोख्याइतके स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण. जून २०२० मध्ये ऑस्ट्रिया सरकारने दोन अब्ज युरोंचा शंभर वर्षांचा रोखा विकला. त्याचे कूपन ०.८५ टक्के, परतावा ०.८८ टक्के आणि मुदत २१२० पर्यंत. १०० युरो दर्शनी किमतीला त्याची किंमत सुमारे ९८ युरो येते. इतक्या कमी व्याजामुळे जवळजवळ सगळा पैसा फार लांब आहे, म्हणून ड्युरेशन ६६.८ आणि कॉन्व्हेक्सिटी ५,७५० च्या आसपास भरते. दर २५ बेसिस पॉइंट चढला तर नुसते ड्युरेशन ८१.६ युरो किंमत सांगते, दुरुस्त अंदाज ८३.४ आणि खरी किंमत ८३.३. इथे दुरुस्ती चोख आहे. १०० बेसिस पॉइंटला ड्युरेशन ३२.५ युरो सांगते, दुरुस्त अंदाज ६०.७ आणि खरी किंमत ५३.७. दुरुस्तीने चूक एकतृतीयांशावर आणली, पण सात युरो अजून शिल्लक आहेत. २०० बेसिस पॉइंटला ड्युरेशनप्रमाणे किंमत शून्याच्या खाली, उणे ३३ युरो येते. रोख्याच्या बाबतीत याला काही अर्थच नाही, कारण ज्यातून फक्त पैसे मिळायचे आहेत त्याची किंमत उणे होऊ शकत नाही. दुरुस्त अंदाज ७९.८ युरो सांगतो. खरी किंमत ३३.६ युरो असते.

हा कोरा गणिती खेळ नव्हता. २०२२ पासून युरोपात महागाईबरोबर दर झपाट्याने चढले आणि हा रोखा प्रत्यक्षात ४० युरोंच्या खाली गेला. ज्याने ड्युरेशन आणि कॉन्व्हेक्सिटी यांच्या भरवशावर तोटा मोजला असता त्याला तो खऱ्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी दिसला असता.

सूत्र कुठे फसते हे आधी ओळखता येते. त्यातला पहिला भाग दरबदलाबरोबर सरळ वाढतो, दुसरा वर्गाने वाढतो. म्हणून एका टप्प्यावर दुसरा पहिल्याला गाठू लागतो आणि अंदाजाची रेषा खाली जायचे सोडून वर वळते. दर अजून चढला की किंमतही चढेल, असे सूत्र तिथून पुढे सांगू लागते, आणि साध्या रोख्यात तसे कधीच होत नाही. तो टप्पा काढायला ड्युरेशनला कॉन्व्हेक्सिटीने भागावे. ऑस्ट्रियाच्या रोख्यात ६६.८ भागिले ५,७५० म्हणजे सुमारे ११६ बेसिस पॉइंट. सात टक्क्यांच्या तीस वर्षांच्या रोख्यात हेच उत्तर ४९८ येते आणि २०१३ च्या भारतीय रोख्यात सुमारे १,१००. दरबदल या आकड्याच्या पाव भागापर्यंत असेल तर दुरुस्त अंदाजावर निर्धास्त विसंबावे. दहा वर्षांच्या रोख्याला २०० बेसिस पॉइंट हे त्यात सहज बसते. निम्म्याच्या जवळ गेला तर उत्तर ढोबळ समजावे. त्यापुढे सूत्र बाजूला ठेवावे आणि प्रत्येक हप्ता नव्या दराने वटवून किंमत पुन्हा काढावी. एका रोख्यासाठी ते PV च्या एका ओळीचे काम आहे.